फोन बदलला आणि बँकेचं अ‍ॅप उघडेना: डिव्हाइस बाइंडिंग आणि पुन्हा नोंदणी, योग्य क्रमाने

नवा फोन घेतला. जुन्यातले फोटो आले, नंबर आले, बँकेच्या अ‍ॅपचं चित्रही जागच्या जागी आलं. पण अ‍ॅप उघडलं की ते आत घेत नाही. ‘हे डिव्हाइस नोंदणीकृत नाही’ किंवा ‘सिम पडताळणी झाली नाही’ असं काहीतरी दाखवतं आणि अडून बसतं. अशा वेळी बहुतेक जण आधी पासवर्ड बदलतात. त्याने काही होत नाही, म्हणून अ‍ॅप काढून पुन्हा टाकतात, मग एकामागून एक प्रयत्न करत सुटतात, आणि शेवटी बँक तो लॉगिनच काही काळासाठी बंद करते.

आमच्या मानेवाड्यातल्या शेजारच्या काकूंचं नेमकं हेच झालं. त्यांनी शनिवारी बर्डीवरून फोन आणला आणि रविवारी दुपारी माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, “भाऊ, पासवर्ड तर बरोबरच टाकून राहिली मी, तरी हे आत घेऊन नाही राहिलं.” पासवर्ड खरोखरच बरोबर होता. अडलं होतं सिममधून बाहेर जाणाऱ्या एका एसएमएसपाशी. हा लेख त्या एका एसएमएसभोवती आहे, कारण तो नीट गेला की बाकीचं काम दहा मिनिटांचं असतं.

## डिव्हाइस बाइंडिंग म्हणजे काय

बँकेच्या अ‍ॅपला तीन गोष्टींची गाठ मारायची असते: तुमचं खातं, खात्यात नोंदलेला मोबाइल नंबर आणि हातातला फोन. नोंदणी करताना अ‍ॅप तुमच्या सिममधून बँकेच्या नंबरवर एक एसएमएस पाठवतं. त्यात वाचून काही कळणार नाही अशी अक्षरं-आकड्यांची ओळ असते. बँक बघते की हा एसएमएस कोणत्या नंबरवरून आला. तो नंबर खात्यातल्या नंबराशी जुळला, तर ‘हा फोन या ग्राहकाचा’ अशी नोंद होते आणि त्या फोनपुरती एक किल्ली अ‍ॅपमध्ये ठेवली जाते.

ही किल्ली फोनच्या आतच राहते. केबल लावून किंवा बॅकअपमधून सगळं नव्या फोनवर आणलं तरी ती येत नाही, आणि यायलाही नको. म्हणून अ‍ॅपचं चित्र दिसलं तरी नोंदणी पुन्हा करावीच लागते.

ओटीपी आणि हा एसएमएस यांत गल्लत करू नका. ओटीपी तुमच्याकडे येतो. बाइंडिंगचा एसएमएस तुमच्याकडून जातो. ‘ओटीपी तर येतो ना, मग सिम बरोबर आहे’ असं म्हणून लोक पुढे जातात आणि तिथेच फसतात. येणारे मेसेज सुरू आणि जाणारे बंद, अशी स्थिती अगदी नेहमीची आहे.

## टप्पा १: हात थांबवा आणि सामान गोळा करा

चुकीचे प्रयत्न झाले असतील तर आधी थांबा. किती प्रयत्नांनंतर लॉगिन बंद होईल आणि किती वेळ बंद राहील, हे प्रत्येक बँकेचं वेगळं असतं. पण बंद असताना केलेल्या प्रयत्नांनी काहीच साधत नाही.

जवळ या गोष्टी घ्या: डेबिट कार्ड आणि त्याचा एटीएम पिन, नेट बँकिंग असेल तर त्याचं युजरनेम आणि पासवर्ड, पासबुक आणि जुना फोन. कार्डाची मुदत संपलेली नाही ना, तेही बघा. पुष्कळ घरांत कार्ड कपाटात पडून असतं आणि नवं कार्ड आलेलं पाकीट उघडलेलंच नसतं.

इशारा: जुना फोन एवढ्यात रिसेट करू नका आणि एक्स्चेंजमध्येही देऊ नका. दुकानदार घाई करतो, पण नव्या फोनवर अ‍ॅप उघडून शिल्लक दिसेपर्यंत जुना हाताशी हवा.

## टप्पा २: खात्यात नोंदलेला नंबर नक्की कोणता, ते बघा

आपल्याला वाटतं तो नंबर आणि बँकेत असलेला नंबर एकच असेल असं नाही. खात्री करायचा सोपा मार्ग म्हणजे मेसेज उघडून पैसे जमा झाल्याचा किंवा कापल्याचा बँकेचा शेवटचा मेसेज शोधणं. तो कोणत्या सिमवर आला आहे, ते बघा. दोन सिमच्या फोनमध्ये मेसेजजवळ १ किंवा २ अशी खूण असते. नेट बँकिंग चालू असेल तर तिथल्या माहितीत नंबराचे शेवटचे आकडे दिसतात.

इथे एक घोळ घरोघरी सापडतो. बायकोच्या खात्याला नवऱ्याचा नंबर, किंवा आईच्या पेन्शनच्या खात्याला पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाचा नंबर दिलेला असतो. खातं उघडताना ते सोयीचं वाटलेलं असतं. पण बाइंडिंगचा एसएमएस त्याच नंबराच्या सिममधून जावा लागतो, आणि ते सिम पुण्यात आहे. मुलाने ओटीपी फोनवर सांगितला तरी उपयोग नाही, कारण आईच्या फोनमधला एसएमएस दुसऱ्याच नंबरवरून जाणार.

अशा वेळी पुढचे टप्पे करू नका. आधी शाखेत पासबुक आणि ओळखपत्र घेऊन जा आणि खात्यात आईचा स्वतःचा नंबर नोंदवून घ्या. नंबर बदलल्याचा मेसेज आल्यावरच पुढे जा.

तपासा: बँकेचे मेसेज ज्या सिमवर येतात, ते सिम आत्ता नव्या फोनमध्ये आहे का?

## टप्पा ३: सिममधून साधा एसएमएस जातो का, ते बघा

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्या, कारण ‘अ‍ॅप खराब आहे’ म्हणून माझ्याकडे आलेल्यांपैकी बहुतेकांचं इथेच अडलेलं असतं.

त्या सिममधून घरातल्या कुणाच्या तरी फोनवर ‘टेस्ट’ असा मेसेज पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून नको. फोनच्या मेसेजच्या अ‍ॅपमधूनही जाताना तो इंटरनेटवरून चॅट म्हणून जाऊ शकतो, म्हणून त्या क्षणी मोबाइल डेटा आणि वाय-फाय दोन्ही बंद करा. मेसेज पोचला, तर कोणत्या नंबरवरून आला तेही त्यांना वाचायला सांगा. पोचायला हवा आणि नोंदलेल्या नंबरवरूनच यायला हवा. या दोन्ही गोष्टी जुळल्या तरच टप्पा पार झाला.

मेसेज गेला नाही, तर कारण बहुधा पुढच्यांपैकी एक असतं.

सिम नुकतंच बदललं आहे. जुनं सिम काढून तेच नव्या फोनमध्ये घातलं असेल तर हरकत नाही. पण कंपनीच्या दुकानातून त्याच नंबराचं नवीन सिम कार्ड घेतलं असेल, किंवा साध्या सिमचं ई-सिम करून घेतलं असेल, तर सिम सुरू झाल्यापासून २४ तास त्यावर एसएमएस येणं आणि जाणं दोन्ही बंद असतात. दूरसंचार विभागाचा हा नियम फसवणूक रोखण्यासाठी आहे. कुणी तुमच्या नावाने चोरून सिम काढलं, तर तुमच्या लक्षात यायला एक दिवस मिळावा, हा त्याचा हेतू. या २४ तासांत फोन लागतो, इंटरनेट चालतं, म्हणून सिम ठीक आहे असं वाटतं. काकूंना दुकानातल्या मुलाने ‘सिम जुनं झालंय, बदलूनच टाका’ असं सांगितलं होतं. नवं सिम शनिवारी दुपारी एकच्या सुमारास सुरू झालं, आणि त्यांनी शनिवारी संध्याकाळी तीनदा आणि रविवारी सकाळी दोनदा प्रयत्न केले. ते पाचही वाया जाणारच होते.

रिचार्जमध्ये एसएमएस नाही. फक्त डेटाचं पॅक मारलेलं असेल तर त्यात एसएमएस नसतात. मुख्य प्लॅनची मुदत संपली असेल तर बाहेर जाणारे फोन आणि मेसेज बंद होतात, पण येणारे काही दिवस चालू राहू शकतात. ओटीपी येतो पण बाइंडिंग होत नाही, त्याचं हे एक मोठं कारण. प्लॅनमध्ये एसएमएस आहेत का ते बघा, नसतील तर ते असलेला रिचार्ज करा.

मेसेज दुसऱ्याच सिममधून जातो आहे. फोनच्या सेटिंगमध्ये सिम कार्डच्या पानावर कॉल, मेसेज आणि डेटा यांसाठी वेगवेगळं सिम निवडलेलं असतं. मेसेजसाठी बँकेचं सिम निवडा. गोंधळ टाळायचा असेल तर दुसरं सिम त्या पानावरूनच तेवढ्यापुरतं बंद करा.

इशारा: टेस्ट मेसेज पोचत नाही तोवर बँकेचं अ‍ॅप उघडायचंच नाही.

## टप्पा ४: जुन्या फोनवरून नोंदणी काढा

जुना फोन चालू असेल तर त्यातलं अ‍ॅप वाय-फायवर उघडून बघा. काही बँकांची अ‍ॅप सिम काढलं की उघडतच नाहीत, मग सोडून द्या. उघडलं, तर प्रोफाइल किंवा सेटिंगमध्ये ‘डिव्हाइस काढा’, ‘डी-रजिस्टर’ असा पर्याय शोधा. नुसतं लॉगआउट केल्याने किंवा अ‍ॅप काढून टाकल्याने बँकेकडची नोंद जात नाही.

जुना फोन फुटला किंवा हरवला असेल तर नेट बँकिंगमध्ये नोंदलेल्या डिव्हाइसची यादी मिळते का बघा, नाहीतर बँकेच्या कस्टमर केअरला सांगा. पुष्कळ बँकांत नवीन फोन नोंदला की जुना आपोआप निघतो, त्यामुळे हा पर्याय सापडला नाही म्हणून अडून राहू नका. फोन चोरीला गेला असेल तर मात्र क्रम उलटा: आधी सिम बंद करा, मग बँकेला कळवा, आणि नवीन फोनचं नंतर बघा.

## टप्पा ५: नवा फोन तयार करा

अ‍ॅप फोनच्या अधिकृत स्टोअरमधूनच घ्या. बॅकअपमधून आलेलं अ‍ॅप असेल तर ते काढून पुन्हा टाका, म्हणजे अर्धवट आलेला जुना मजकूर आड येणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी पाठवलेली `.apk` फाइल कधीही टाकू नका, मग पाठवणारा ओळखीचा का असेना. त्याचाही फोन आधीच कुणी ताब्यात घेतलेला असू शकतो.

अ‍ॅप पहिल्यांदा उघडलं की फोन आणि एसएमएस वापरायची परवानगी मागतं. इतर अ‍ॅपला ही परवानगी नाकारायची सवय चांगली आहे, पण अँड्रॉइड फोनवर बँकेच्या अ‍ॅपला ती दिली नाही तर एसएमएस जाणार नाही. घाईत नकार दिला असेल तर सेटिंगमध्ये जाऊन त्या अ‍ॅपच्या परवानग्यांत बदल करा. आयफोनवर अ‍ॅप आपणहून एसएमएस पाठवू शकत नाही. तिथे मेसेजचं पान तयार होऊन समोर येतं आणि पाठवायचं बटण तुम्हाला दाबावं लागतं. त्या ओळीतलं एकही अक्षर खोडू नका.

अजून तीन गोष्टी बघा. फोनची तारीख-वेळ आपोआप या पर्यायावर असावी. व्हीपीएन बंद असावं. एनीडेस्क, टीमव्ह्यूअरसारखं दुसऱ्याला आपला पडदा दाखवणारं अ‍ॅप फोनमध्ये नसावं. ते दिसलं तर काही बँकांची अ‍ॅप उघडायलाच नकार देतात, आणि योग्यच करतात.

## टप्पा ६: नोंदणी

आता वाय-फाय बंद, मोबाइल डेटा चालू, सिग्नल नीट असलेल्या जागी बसा. जुन्या इमारतीच्या आतल्या खोलीपेक्षा गच्ची किंवा अंगण बरं.

१. अ‍ॅप उघडा. ‘नवीन ग्राहक’ असा पर्याय घेऊ नका, तो नवं खातं उघडण्यासाठी असतो. ‘आधीपासून ग्राहक आहे’ किंवा ‘नोंदणी’ निवडा.

२. सिम निवडायला सांगेल तेव्हा कंपनीचं नाव वाचून निवडा. दोन्ही सिम एकाच कंपनीची असतील तर कोणतं १ आणि कोणतं २, हे आधी सेटिंगमध्ये बघून ठेवा.

३. एसएमएस जाईल. पडद्यावर वेळ मोजणारं चाक फिरत असतं. ते थांबेपर्यंत दुसरं अ‍ॅप उघडू नका आणि मागे जाऊ नका.

४. पडताळणी झाली की कार्ड आणि एटीएम पिन, किंवा नेट बँकिंगचं युजरनेम-पासवर्ड विचारेल. ओटीपी येईल, तो टाका.

५. लॉगिनसाठी एमपिन ठेवा. हा पिन अ‍ॅप उघडायचा आहे. एटीएमचा पिन वेगळा आणि यूपीआयचा वेगळा. तिन्ही एकच ठेवू नका.

तपासा: पडताळणी फसली तर मेसेजचं अ‍ॅप उघडून बघा. अँड्रॉइडवर तो गूढ एसएमएस बहुधा पाठवलेल्या मेसेजमध्ये दिसतो. तो दिसतच नसेल तर परवानगी राहिली आहे. दिसतो पण ‘पाठवला गेला नाही’ अशी खूण असेल तर टप्पा ३ वर परत जा. आणि तो गेलेला दिसत असूनही अ‍ॅप नकार देत असेल तर बहुधा नंबरच जुळत नाही, टप्पा २ बघा आणि मेसेज कोणत्या सिममधून जातो तेही. कारण न शोधता दुसरा प्रयत्न करू नका, आणि दोनदा फसलं तर त्या दिवशी थांबा.

काकूंचं लॉगिन तोवर बंद झालं होतं, म्हणून आम्ही रविवार तसाच जाऊ दिला. सोमवारी सकाळी त्यांच्या फोनवरून माझ्या फोनवर टेस्ट मेसेज पाठवला. तो लगेच आला, पण नंबर भलताच. नव्या फोनसोबत घेतलेलं डेटाचं सिम मेसेजसाठी निवडलं गेलं होतं. म्हणजे २४ तासांची बंदी उठली असूनही सहावा प्रयत्न फसलाच असता. मेसेजचं सिम बदललं, पुन्हा टेस्ट केली, बरोबर नंबर आला. मग अ‍ॅप उघडलं आणि पहिल्याच झटक्यात नोंदणी झाली.

## टप्पा ७: यूपीआय आणि पहिले काही दिवस

यूपीआयचं अ‍ॅप वेगळं असेल तर त्याचंही बाइंडिंग वेगळं करावं लागतं, तसाच एसएमएस जाऊन. यूपीआय पिन मात्र खात्याचा असतो, फोनचा नाही. जुना आठवत असेल तर तोच चालतो, नवा बनवायची गरज नाही.

नव्या फोनवर पहिल्या २४ तासांत यूपीआयने पाठवायच्या रकमेवर मर्यादा असते, साधारणपणे ५,००० रुपये. आयफोनवर ती ७२ तासांपर्यंत असू शकते. काकूंना त्याच दिवशी नातवाच्या शिकवणीचे ७,२०० रुपये भरायचे होते आणि व्यवहार नाकारला गेला. त्यांना वाटलं, पुन्हा काहीतरी बिघडलं. मंगळवारी दुपारी तेच पैसे सहज गेले. मोठा हप्ता किंवा फी जवळ आली असेल तर फोन दोन-तीन दिवस आधी बदला.

नोंदणीनंतर सिम त्याच फोनमध्ये राहू द्या. काही अ‍ॅप प्रत्येक वेळी सिम आहे का ते बघतात आणि नुसती सिमची जागा बदलली तरी पुन्हा नोंदणी मागतात.

## मदत मागताना होणारी सगळ्यात महाग चूक

अडलेला माणूस इंटरनेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधतो आणि पहिला दिसेल त्यावर फोन लावतो. तो नंबर पुष्कळदा ठगाचा असतो. नंबर डेबिट कार्डाच्या मागे, पासबुकावर किंवा बँकेच्या `.bank.in` ने संपणाऱ्या संकेतस्थळावर बघा.

आणि हे घरातल्या सगळ्यांना सांगा. फोनवरचा माणूस म्हणेल, ‘तुमचं अ‍ॅप सुरू करून देतो, मी एक मेसेज पाठवतो, तो अमुक नंबरवर फॉरवर्ड करा.’ ती ओळ म्हणजे त्याच्या फोनवर तयार झालेला बाइंडिंगचा एसएमएस असतो. तो तुमच्या सिममधून गेला की बँकेला वाटतं, त्याचा फोन तुमचाच. तुम्ही ओटीपी सांगितलेला नसतो, पिन सांगितलेला नसतो, तरी तुमच्या नंबराची गाठ त्याच्या फोनशी बसते. नंतर गोड बोलून कार्डाची माहिती किंवा ओटीपी काढला की काम फत्ते. खरा बाइंडिंग एसएमएस तुमच्याच फोनमधलं, तुम्हीच उघडलेलं अ‍ॅप तयार करतं. दुसऱ्याने पाठवलेली अशी ओळ पुढे पाठवायची वेळ कधीच येत नाही.

असा मेसेज चुकून पाठवला गेला असेल तर त्याच मिनिटाला बँकेला फोन करून मोबाइल बँकिंग आणि यूपीआय बंद करायला सांगा. पैसे गेले असतील तर १९३० वर फोन करा आणि `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवा.

## तरीही नाही झालं तर

टेस्ट मेसेज बरोबर नंबरवरून जातो, परवानग्या दिल्या आहेत, नंबर जुळतो, एक दिवस थांबूनही झालं, आणि तरी अ‍ॅप आत घेत नसेल, तर गाठ बँकेच्या बाजूला अडकली आहे. कार्ड, पासबुक, ओळखपत्र आणि नवा फोन घेऊन शाखेत जा. ‘अ‍ॅप चालत नाही’ एवढंच सांगितलं तर तुम्हाला पुन्हा पासवर्ड बदलायला लावतील. असं सांगा: “फोन बदलला आहे, जुन्या डिव्हाइसची नोंद काढून द्या, आणि माझ्या ग्राहक क्रमांकाला कोणता मोबाइल नंबर आहे ते बघा.” पडद्यावर आलेल्या, चूक दाखवणाऱ्या संदेशाचा फोटो दुसऱ्या फोनने काढून न्या, कारण बँकेची अ‍ॅप सहसा स्क्रीनशॉट घेऊ देत नाहीत. काउंटरवरच्या माणसाच्या हातात फोन द्यायची गरज नाही, पिन तुम्हीच टाका.

नव्या फोनवर शिल्लक दिसली, एक छोटा व्यवहार झाला, की मग जुना फोन फॅक्टरी रिसेट करा. काकूंनी तो बुधवारी बर्डीवर नेऊन दिला. त्याआधी गूगल खातं त्यातून काढलंय का, ते मी दोनदा बघितलं.